डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी: तिची दिशा कशी ओळखायची

प्रश्न: पाच दिवसांपूर्वी बाथरूममध्ये घसरले आणि डोक्याची मागची बाजू भिंतीवर जोरात आपटली. शुद्ध गेली नाही, पण दोन-तीन मिनिटं काही सुचत नव्हतं. तासाभरानं एकदा उलटी झाली. त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये नेलं, सीटी स्कॅन नॉर्मल आला. तिसऱ्या दिवशी कामावर गेले. सकाळी डोकं हलकं असतं, पण दुपारी चारपर्यंत इतकं ठणकतं की स्क्रीनकडे बघवत नाही. स्कॅन नॉर्मल असून एवढं दुखतंय, हे बरोबर आहे का? किती दिवस वाट बघायची आणि कशाला घाबरायचं? माझं वय ३८.

उत्तर:

‘सकाळी डोकं हलकं असतं’ या शब्दांपाशी मी सर्वांत आधी थांबले. डोक्याला मार लागलेल्या माणसाला मी डोकं किती दुखतं हे विचारतेच, पण त्याहून बारकाईनं विचारते ते हे की दुखणं कुठल्या दिशेनं चाललंय. कालच्या सकाळपेक्षा आजची सकाळ कशी होती? झोपेनंतर दुखणं खाली येतं का? तुमचं येतंय. दिवसभराच्या कामानं ते चढतं, रात्रीच्या विश्रांतीनं उतरतं आणि सकाळी पुन्हा जवळपास तिथूनच सुरू होतं. तुमची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. पण ही चाल मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, म्हणजे कन्कशनची आहे. कवटीत वाढत जाणाऱ्या रक्तस्रावाची चाल सहसा अशी नसते.

स्कॅन नॉर्मल असूनही का दुखतं, ते आधी सांगते. सीटी स्कॅन प्रामुख्यानं तीन गोष्टी शोधतो: रक्त, सूज आणि हाडाची मोड. कन्कशनमध्ये यातलं बहुधा काहीच नसतं. डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत झटक्यानं हलतो आणि त्याच्या पेशी ताणल्या जातात. पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि हा तोल पुन्हा सावरायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते. नेमक्या त्याच दिवसांत मेंदूकडे येणारा रक्तपुरवठा मागणीला पुरा पडत नाही. म्हणजे बिघाड मेंदूच्या कामकाजात असतो आणि सीटीला फक्त रचना दिसते. त्यामुळे ‘स्कॅन नॉर्मल’ याचा अर्थ ‘त्या रात्री रक्तस्राव दिसला नाही’ एवढाच घ्यायचा. तुम्हाला काही झालेलंच नाही, असा तो निकाल नव्हे. शुद्ध गेली नव्हती यावरूनही कन्कशन नाही असं म्हणता येत नाही. बहुसंख्य कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही. ती दोन-तीन मिनिटं काही सुचत नव्हतं, तीच त्याची खूण.

दुखण्याचा दुसरा उगम मान आहे, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. डोक्याची मागची बाजू आपटते तेव्हा मानेलाही झटका बसतो. मानेच्या वरच्या सांध्यांतून आणि स्नायूंतून निघालेली कळ डोक्यात मागून पुढे, कधी थेट डोळ्यामागे जाणवते, कारण मानेच्या वरच्या भागातल्या आणि चेहऱ्याच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच जागी येऊन मिळतात. हे घरीही थोडंफार ताडून बघता येतं. मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवा आणि कवटी जिथं मानेला भेटते तिथं बोटांनी दाबा. तुमची नेहमीची डोकेदुखी हुबेहूब जागी झाली, तर तिच्यात मानेचा वाटा आहे असं समजा. अशा दुखण्याला गोळ्यांपेक्षा फिजिओथेरपीचा जास्त उपयोग होतो. मात्र मान वळवताना हातात मुंग्या आल्या किंवा मानेच्या मधल्या हाडावर दाबल्यावर तीव्र कळ आली, तर हा प्रयोग तिथंच थांबवा आणि मान तपासून घ्या.

आता किती दिवस. मोठ्या माणसांत बहुतेकांचा त्रास १० ते १४ दिवसांत बराचसा ओसरतो. मुलांना आणि किशोरवयीनांना साधारण ४ आठवडे लागू शकतात. ज्यांना आधीपासून मायग्रेन आहे, ज्यांना पूर्वी कन्कशन झालेलं आहे किंवा ज्यांची झोप बिघडलेली आहे, त्यांना जास्त वेळ लागतो. डोकेदुखीसोबत प्रकाश आणि आवाज सहन न होणं, थोडी मळमळ, गरगरणं, वाचताना ओळ निसटणं, चिडचिड, एरवीपेक्षा जास्त झोप येणं हे सगळं याच काळातलं. यातली प्रत्येक गोष्ट हळूहळू कमी होत गेली पाहिजे. रोजच कमी होईल असं नाही, एखादा दिवस वाईटही जातो. पण या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना केली की उतार दिसला पाहिजे. मार लागल्यापासून ७ दिवसांच्या आत सुरू झालेली डोकेदुखी माराशी जोडली जाते, आणि ती ३ महिन्यांच्या पुढे गेली तर तिला दीर्घकाळ टिकणारी म्हणतात. तेवढी वाट बघत बसू नका. दोन आठवड्यांनी काहीच फरक नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

तुमच्या बाबतीत काय चुकतंय असं मला वाटतं, तेही सांगते. तिसऱ्या दिवशी कामावर जाणं चूक नव्हतं. पूर्ण दिवस गेलात, ती चूक. पूर्वी आम्ही डॉक्टरच सांगत असू की डोकं दुखायचं थांबेपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहा. तो सल्ला आता मागे पडला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ ते २२ वर्षांच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला ५ दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला १ ते २ दिवस विश्रांती आणि मग हळूहळू रोजचे व्यवहार. कडक विश्रांतीच्या गटानं उलट जास्त त्रास नोंदवला. आता पहिले २४ ते ४८ तास सौम्य विश्रांती घ्यायची, स्क्रीन कमी ठेवायची, घरातल्या घरात हिंडायचं-फिरायचं आणि त्यानंतर पायरीपायरीनं भार वाढवायचा, असं सांगितलं जातं. अ‍ॅमस्टरडॅमला २०२२ मध्ये खेळाडूंच्या कन्कशनवर जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्या निष्कर्षांत या भाराला एक सोपं माप दिलेलं आहे: ० ते १० च्या मापावर त्रास २ अंकांपेक्षा जास्त वाढू नये आणि वाढलेला त्रास तासाभराच्या आत उतरावा. मी हेच माप खेळाडू नसलेल्यांनाही देते, कारण ते डोक्यात ठेवायला सोपं आहे.

तुमचा दिवस या मापावर मांडून बघू. समजा सकाळी उठल्यावर दुखणं २ आहे. तासभर स्क्रीनवर काम केलंत, ३ झालं. हरकत नाही. आणखी पाऊण तासानं ४ झालं. इथं थांबायचं, कारण २ अंक वाढले. डोळे मिटून वीस मिनिटं बसा किंवा सावकाश चालून या. तासाभरात ते पुन्हा २-३ वर आलं, तर पावणेदोन तास ही तुमची आजची मर्यादा. असे दोन किंवा तीन तुकडे दिवसात करा आणि दुपारी घरी जा. दोन दिवस हे जमलं की प्रत्येक तुकडा पंधरा-वीस मिनिटांनी वाढवा. तुम्ही आता करताय ते असं आहे: ४ वर थांबण्याऐवजी ५, ६, ७ पर्यंत रेटत नेता आणि मग ते संध्याकाळभर उतरत नाही. यानं मेंदूला कायमची इजा होत नाही, एवढं निश्चिंत राहा. पण बरं व्हायला लागणारे दिवस वाढतात. सोबत रोज १५-२० मिनिटं साध्या वेगानं चालत जा. तेही याच मापात बसवायचं.

गोळ्यांबद्दल. पहिल्या दोन दिवसांत पॅरासिटामॉलच घ्यायची. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावते, म्हणून सुरुवातीला त्या टाळतात. (हृदयासाठी किंवा पक्षाघातासाठी अ‍ॅस्पिरिन रोज चालू असेल, तर ती मनानं बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.) मोठ्या माणसानं पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा त्रास असेल, वजन कमी असेल किंवा मद्यपान नियमित असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरा. पाचव्या दिवसानंतर मात्र मी गोळ्यांचे दिवस मोजायला सांगते. आठवड्यातून दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागायला लागली, तर पुढे गोळीमुळेच डोकं दुखण्याचं चक्र सुरू होऊ शकतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चाललं, की हे घडतं. मिश्र गोळ्यांच्या बाबतीत तर १० दिवसच पुरतात. मार बसून पाच-सहा महिने झाले तरी डोकं रोज दुखतं म्हणून येणाऱ्या कितीतरी लोकांत मूळ हादरा केव्हाच निवळलेला असतो, गोळ्यांचं चक्र तेवढं मागे उरलेलं असतं.

आता भीतीबद्दल. ती कशाची बाळगायची हे नीट कळावं, म्हणून कवटीचं गणित समजून घ्या. मोठ्या माणसाची कवटी ही बंद पेटी आहे. आत मेंदू, रक्त आणि साधारण दीडशे मिलिलिटर मेंदूजल असतं. आत कुठं रक्त साचायला लागलं, तर आधी मेंदूजल आणि शिरांमधलं रक्त बाहेर सरकून त्याला जागा करून देतं. तोवर दाब फारसा वाढत नाही आणि माणूस बोलतो, चालतो, हसतो. ही सोय संपली की मग थोड्याशा जादा रक्तानंही दाब एकदम वर चढतो. कानाच्या वरचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूनं एक रोहिणी जाते. तिथं हाड मोडून ती फाटली की रक्त हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये वेगानं साचतं. असा माणूस मार लागल्यावर क्षणभर बेशुद्ध होतो, मग सावरतो, काही तास अगदी बरा दिसतो आणि नंतर झपाट्यानं ढासळतो. मधल्या त्या बऱ्या काळातच ‘आता ठीक आहे’ म्हणून त्याला एकटं सोडलं जातं. म्हणून पहिले २४ तास सोबत कुणीतरी जागरूक माणूस हवाच.

त्या काळात ज्यासाठी उशीर न करता अँब्युलन्स बोलवायची, ते असं. डोकेदुखी तासागणिक वाढत जाते आणि पॅरासिटामॉलनं दबत नाही. उलट्या पुन्हा पुन्हा होतात. तुमची एक उलटी झाली ती लक्षात ठेवण्यासारखी होती, पण दोन किंवा जास्त झाल्या की स्कॅनचा निर्णय बदलतो. माणूस जागा होत नाही किंवा जागा होऊन पुन्हा पुन्हा ग्लानीत जातो. तोच प्रश्न परत परत विचारतो, घरच्यांना ओळखण्यात चुकतो, एकाएकी विचित्र किंवा भांडखोर वागतो. फिट येते. हातापायाची शक्ती कमी होते, बोलणं जड होतं, एकाचे दोन दिसतात. एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झालेली दिसते. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव गळतो, कानातून रक्त येतं, किंवा डोळ्यांना मार लागलेला नसताना डोळ्यांभोवती वा कानामागे काळंनिळं पडतं. या शेवटच्या खुणा कवटीच्या तळाच्या हाडाच्या मोडीच्या असतात आणि काळेनिळेपणा एक-दोन दिवसांनीही उमटू शकतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत टाळू फुगलेली दिसणं, रडं कशानंच न थांबणं आणि दूध न पिणं, यांना तेवढंच वजन द्या.

‘डोक्याला मार लागला की झोपू देऊ नका’ हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलेल्या माणसाला झोपू द्या. झोप बरं व्हायला मदत करते. त्या एका रात्री एक-दोनदा उठवून बघायला डॉक्टरांनी सांगितलं, तर नाव विचारा आणि नीट उत्तर येतं का ते बघा. अर्धवट झोपेत चिडून ‘झोपू दे ना’ म्हटलं तरी चालेल, तेही नीट उत्तर आहे. हलवूनही डोळे उघडले नाहीत किंवा बडबड असंबद्ध असेल, तर हॉस्पिटल गाठा.

तुम्ही पाचव्या दिवशी आहात, तो पहिला धोका तुमच्या मागे पडला आहे. आता तुम्ही दुखण्याची वेळ आणि शरीराची स्थिती बघायची. पहाटे जाग येते तीच डोकं दुखून, आडवं झाल्यावर किंवा खोकताना-वाकताना दुखणं वाढतं आणि दिवसेंदिवस हे जास्त होतं, ही वाढलेल्या दाबाची चाल असू शकते. याच्या उलट, उभं राहिल्यावर काही मिनिटांत दुखायला लागतं आणि आडवं पडलं की थांबतं, असं असेल तर मेंदूजल कुठून तरी झिरपत असल्याची शक्यता तपासावी लागते. मानेच्या एकाच बाजूला नवीन, तीव्र दुखणं आणि त्याच बाजूची पापणी थोडी खाली आलेली दिसली, तर मानेतल्या रोहिणीच्या अस्तराला चीर गेलेली असू शकते. ती तातडीची बाब आहे. यातलं काहीही दिसलं तर पहिला नॉर्मल स्कॅन बाजूला ठेवा आणि नव्यानं दाखवा.

तुमच्या वयाला हा धोका कमी आहे, तरी एका रुग्णाचं सांगते, कारण घरात वडीलधारी माणसं असतील तर ते उपयोगी पडेल. तपशील ओळखू न येतील इतपत बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. टेंगूळही धड आलं नाही, म्हणून कुणी दाखवलं नाही. दोन आठवडे काहीच नाही. मग डोक्यात मंद जडपणा सुरू झाला, सकाळी जास्त. पाचव्या आठवड्यात मुलीच्या लक्षात आलं की त्यांच्या डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि ते शर्टाची बटणं लावायला फार वेळ घेतात. घरच्यांनी ते वयावर टाकलं होतं. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला चंद्रकोरीसारखा जुन्या रक्ताचा थर दिसला. वाढत्या वयात मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि आवरणाच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात आणि हलक्या धक्क्यानंही झिरपायला लागतात. ते रक्त आठवड्यांच्या गतीनं साचतं, मेंदूलाही सरकायला जागा असते, म्हणून लक्षणं इतकी उशिरा दिसतात. कवटीला दोन छोटी भोकं पाडून ते काढलं आणि काही दिवसांत ते पुन्हा स्वतःची बटणं स्वतः लावू लागले. ‘डोक्याला काही लागलं होतं का?’ असं मी आधी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. चौकटीची आठवण निघाली ती तिसऱ्यांदा विचारल्यावर.

तुम्ही किंवा घरातलं कुणी रक्त पातळ करणारं औषध घेत असेल, तर अशा माणसाच्या डोक्याला लागलेला हलका मारही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, लक्षण असो वा नसो.

पुढचे काही दिवस गाडी चालवू नका, निदान दुपारच्या त्या ठणकणाऱ्या वेळात तर नकोच, कारण प्रतिक्रियेचा वेग तेव्हा मंद असतो. पडण्याची किंवा डोकं पुन्हा आपटण्याची शक्यता असलेलं काहीही, म्हणजे शिडी, सायकल, मैदानी खेळ, त्रास पूर्ण थांबेपर्यंत लांब ठेवा. पहिला हादरा निवळण्याआधी दुसरा बसला तर बरं व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि क्वचित, विशेषतः लहान वयात, मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते.

एका वहीत रोज दोनच आकडे लिहा: उठल्यावरचा आणि दुपारी चारचा. मी सांगितलं तसं काम तुकड्यांत केलंत, तर चारचा आकडा चार-पाच दिवसांत खाली यायला हवा. उठल्यावरचा आकडा सलग दोन दिवस वर गेला, तर चौदा दिवसांची वाट न बघता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पडल्याची तारीख पहिल्या पानावर लिहून ठेवा.